स्ट्राइकला भाव शिवणं आणि पलीकडे बंद होणं: या दोन शक्यता वेगळ्या कशा मोजायच्या, आणि पहिली जवळपास दुप्पट का असते

ऑप्शन विकायला लागलो तेव्हा स्क्रीनवरच्या एकाच आकड्यावर माझा सगळा भरवसा होता. कॉल विकताना तिथे ‘Prob OTM ८१%’ असं दिसायचं, म्हणजे एक्स्पायरीला भाव स्ट्राइकच्या अलीकडेच राहण्याची शक्यता. मी समजायचो की शंभरातले ८१ सौदे आपलेच. वही मात्र वेगळंच सांगत होती. भाव स्ट्राइकपर्यंत यायचा, मी घाबरून तोटा घेऊन बाहेर पडायचो, आणि एक्स्पायरीला बघावं तर भाव पुन्हा खाली आलेला. नशीब खराब आहे असं वाटायचं. तसं काही नव्हतं. मी भलतीच शक्यता वाचत होतो.

स्ट्राइकच्या बाबतीत दोन प्रश्न असतात. एक, एक्स्पायरीच्या क्षणी भाव स्ट्राइकच्या पलीकडे असेल का? दोन, तोपर्यंत कधीतरी, एका क्षणापुरता का होईना, भाव स्ट्राइकला शिवेल का? दुसऱ्या प्रश्नाची शक्यता पहिल्याच्या साधारण दुप्पट असते. पुढच्या पायऱ्यांत हे एकाच उदाहरणावर करून दाखवतो.

## आधी हे हाताशी घ्या

- चार आकडे: सध्याचा भाव, स्ट्राइक, त्या स्ट्राइकची आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत बाजाराने धरलेली वर्षाची चढउतार, आणि एक्स्पायरीला उरलेले दिवस
- एक स्प्रेडशीट किंवा पायथन
- सौद्यातून बाहेर पडण्याचा तुमचा नियम, शब्दांत लिहिलेला

तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात. पायरी ४ ला तिच्यावाचून अडेल.

आपलं उदाहरण असं: भाव १०००, विकलेला कॉल १०५० चा, आयव्ही २०%, दिवस ३०. व्याज शून्य धरू. महिन्याभराच्या सौद्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

## १. पलीकडे बंद होण्याची शक्यता काढा

वर्षाची २०% आयव्ही ३० दिवसांवर आणायची तर ३० ला ३६५ ने भागून वर्गमूळ घ्यायचं आणि २०% ने गुणायचं. उत्तर येतं ५.७३%. म्हणजे महिन्याभरात भावाची ‘एक पायरी’ साधारण ५७ अंकांची. आपला स्ट्राइक ५० अंक लांब आहे, एका पायरीच्या थोडा अलीकडे.

नेहमीच्या ब्लॅक-शोल्स सूत्रातल्या d2 वरून पलीकडे बंद होण्याची शक्यता मिळते. इथे d2 येतो उणे ०.८८ आणि शक्यता १८.९५%. स्क्रीनवरचं ८१% ते हेच, शंभरातून वजा केलेलं.

इथे एक सवय मोडायला हवी. बरेच जण डेल्टालाच शक्यता मानतात. या कॉलचा डेल्टा आहे २०.५%, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा दीड टक्का जास्त. ९५० च्या पुटला उलटं होतं: डेल्टा १७.८% आणि पलीकडे बंद होण्याची शक्यता १९.३%. छोट्या मुदतीत हा फरक चालून जातो. लांब मुदतीत तो कसा अंगाशी येतो ते पायरी ६ मध्ये बघू.

## २. दुप्पट का, हे आधी नाण्याने समजून घ्या

सूत्राकडे जायच्या आधी एक नाणं घ्या. छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली. पाच वेळा उडवायचं. आपला ‘स्ट्राइक’ आहे दोन घरं वर.

पाच फेकींचे एकूण ३२ क्रम होतात. शेवटी दोनच्या वर असायचं तर निदान चार छापे लागतात. चार छाप्यांचे ५ क्रम आणि पाच छाप्यांचा १, मिळून ६. आता वाटेत कधीतरी दोनला शिवणारे क्रम मोजा. ते भरतात १२. बरोबर दुप्पट.

हा योगायोग नाही. दोनला शिवलेला कुठलाही क्रम घ्या. जिथे तो पहिल्यांदा शिवला, तिथून पुढच्या सगळ्या फेकी उलट्या करा, छाप्याचा काटा आणि काट्याचा छापा. ‘छापा छापा काटा काटा काटा’ हा क्रम दुसऱ्याच फेकीला दोनला शिवतो आणि शेवटी उणे एकवर येतो. शिवल्यानंतरच्या तीन फेकी उलटवल्या की पाचही छापे होतात आणि शेवट अधिक पाचवर. ‘छापा काटा छापा छापा काटा’ चौथ्या फेकीला शिवतो आणि एकवर संपतो. त्याची शेवटची फेक उलटवली की तो तीनवर संपतो. शिवून परत फिरलेल्या प्रत्येक क्रमाला, शिवून पलीकडे गेलेला एक जोडीदार असा मिळतोच. बाराही क्रम मांडून बघा, सहा जोड्या लागतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एकदा हाताने केलं की पुन्हा विसरायला होत नाही.

आता नाण्याच्या जागी भाव ठेवा. भाव ज्या क्षणी १०५० ला शिवतो, त्या क्षणी तो नेमका स्ट्राइकवर उभा असतो. तिथून पुढे वर जाईल की खाली, याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी. म्हणजे शिवणाऱ्यांतले साधारण निम्मेच पलीकडे बंद होतात. आणि पलीकडे बंद व्हायचं तर वाटेत शिवावं लागतंच. तेव्हा शिवणारे हे पलीकडे बंद होणाऱ्यांच्या दुप्पट. गणितात याला परावर्तनाचं तत्त्व म्हणतात. बाजारभावांच्या संदर्भात ही दुप्पट लुई बाशलिए याने १९०० साली पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधातच मांडली होती, म्हणजे ब्लॅक-शोल्सच्या सत्तरएक वर्षं आधी.

## ३. शिवण्याची शक्यता नेमकी काढा

तोंडी हिशेबाला दुप्पट पुरते: १८.९५ चे ३७.९. नेमका आकडा हवा असेल तर हे चालवा:

```python
from math import log, sqrt, erf
def N(x): return 0.5*(1+erf(x/sqrt(2)))

S, K, iv, days = 1000, 1050, 0.20, 30
s  = iv*sqrt(days/365)
d2 = (log(S/K) - s*s/2)/s
d1 = d2 + s
w  = 1 if K > S else -1
finish = N(w*d2)
touch  = N(w*d2) + (S/K)*N(w*d1)
print(finish, touch)
```

१०५० च्या कॉलला उत्तर येतं ०.१८९५ आणि ०.३८५२. गुणोत्तर २.०३. `K` च्या जागी ९५० टाकलं की पुटचं मिळतं: ०.१९३३ आणि ०.३८०६, गुणोत्तर १.९७. स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर `N(x)` च्या जागी `NORM.S.DIST(x,TRUE)` वापरा.

वरच्या बाजूला दुपटीहून थोडं जास्त आणि खालच्या बाजूला थोडं कमी, असं का? मॉडेल टक्क्यांच्या हिशेबाने चालतं. त्यात भावाची सरासरी जागच्या जागी ठेवायची तर मधला भाव हळूहळू खाली सरकत राहतो. त्यामुळे १०५० ला शिवल्यानंतर पलीकडे बंद होण्याची शक्यता ५०% नसून ४९ च्या आसपास असते. खालच्या बाजूला हेच पारडं उलटं झुकतं. ३० दिवसांत हा फरक नगण्य आहे, पण कारण लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये ते परत भेटेल.

एक सूचना. भाव आधीच स्ट्राइकच्या पलीकडे असेल तर हे सूत्र लावू नका. शिवण्याची शक्यता तेव्हा १००% असते, ते होऊन गेलेलं असतं. दुपटीचा नियम फक्त अजून न गाठलेल्या स्ट्राइकसाठी आहे.

## ४. तुमच्या बाहेर पडण्याच्या नियमाला कुठली शक्यता लागू होते ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पैसे इथे जातात.

तुमचा नियम ‘काही झालं तरी एक्स्पायरीपर्यंत धरायचं’ असा असेल, तर ८१% हा आकडा तुमचा आहे. पण ‘भाव स्ट्राइकला शिवला की बाहेर’ असा नियम असेल, तर तुमचा आकडा ८१ नाही. शिवण्याची शक्यता ३८.५% आहे, म्हणजे न शिवता सुटण्याची ६१.५%. सौदा तोच, स्ट्राइक तोच. फक्त बाहेर पडायचा नियम बदलला आणि पाचातला एक तोट्याचा सौदा पाचातल्या दोनावर गेला. माझ्या वहीतलं कोडं हेच होतं: स्क्रीनवर वाचत होतो ८१ आणि वागत होतो ६१ च्या नियमाने.

म्हणून शिवल्यावर बाहेर पडणं चुकीचं ठरत नाही. तोट्यांची संख्या वाढते, पण एकेक तोटा आटोक्यात राहतो. फक्त तो सौदा ८१ चा म्हणून मांडायचा नाही.

दोन्ही बाजू विकल्या की हे आणखी बोचतं. १०५० चा कॉल आणि ९५० चा पुट एकत्र विकला, तर एक्स्पायरीला दोन्हींच्या मध्ये बंद होण्याची शक्यता साधारण ६२% आहे. ऐकायला बरं वाटतं. पण महिन्याभरात दोहोंपैकी निदान एका स्ट्राइकला भाव शिवण्याची शक्यता सुमारे ७५% आहे. दोन्ही बाजूंच्या शक्यतांची बेरीज ७६.६ होते, त्यातून एकाच महिन्यात दोन्हीकडे शिवण्याची थोडीशी शक्यता वजा केली की पंचाहत्तरच्या जवळ येतं. म्हणजे चारातल्या तीन महिन्यांत कुठली ना कुठली बाजू तुमची झोप उडवणार, आणि तरीही बहुतेक महिने नफ्यात संपू शकतात. शिवल्याबरोबर दोन्ही बाजू बंद करायचा नियम असेल, तर शेवटापर्यंत टिकणारा महिना चारातला एकच.

## ५. शिवल्यावर तोटा किती, हेही मांडा

शक्यता दुप्पट असते हे कळलं की पुढचा प्रश्न: शिवलं तर पडतं केवढ्याला? ते दिवसावर अवलंबून आहे.

आपल्या कॉलचा सुरुवातीचा प्रीमियम या मॉडेलप्रमाणे साडेसहाच्या आसपास येतो. आयव्ही तीच राहिली असं धरून, भाव १०५० वर आला की त्याच कॉलची किंमत अशी:

- पाचव्या दिवशी शिवला, २५ दिवस बाकी: सुमारे २२
- पंधराव्या दिवशी शिवला: सुमारे १७
- अठ्ठाविसाव्या दिवशी शिवला, २ दिवस बाकी: सुमारे ६

भाव स्ट्राइकवर असताना ऑप्शनची किंमत साधारण ०.४ गुणिले भाव गुणिले उरलेल्या मुदतीची ‘एक पायरी’ एवढी असते. हे तोंडी जमतं, जमवून घ्या. पाचव्या दिवशीचं शिवणं साडेतीन पटीला पडतं. अठ्ठाविसाव्या दिवशीच्या शिवण्यात जवळपास काहीच जात नाही. शिवण्याची शक्यता सांगणारा एकच आकडा या दोन्हींना एकाच मापात मोजतो, म्हणून तो एकटा पुरत नाही.

आता एक लोकप्रिय नियम बघा: प्रीमियम दुप्पट झाला की बाहेर. आपल्या उदाहरणात दुप्पट म्हणजे १३. भाव स्ट्राइकवर असताना किंमत १३ च्या खाली यायला मुदतीचे आठ-नऊच दिवस उरलेले असावे लागतात. तेवढे शेवटचे दिवस सोडले, तर हा स्टॉप भाव १०५० ला पोचायच्या आधीच लागतो. म्हणजे अशा नियमाला शिवण्याची शक्यताही अपुरी पडते. तुमची खरी रेषा स्ट्राइकच्या अलीकडे आहे. ढोबळ अंदाजासाठी वरच्या कोडमध्ये `K` च्या जागी ती अलीकडची पातळी टाका आणि फक्त `touch` वाचा.

## ६. दुप्पट कुठे फसते ते तपासा

दिवसाच्या बंद भावावर तपासणी. ही चूक मी स्वतः केली आहे. जुने भाव घेतले, रोजचा बंद भाव स्ट्राइकच्या पलीकडे गेला का ते मोजलं, आणि गुणोत्तर आलं पावणेदोनच्याही आत. दोन आठवडे मी सूत्रातली चूक शोधत होतो. चूक सूत्रात नव्हती. भाव दुपारी शिवून बाजार बंद व्हायच्या आत परतला, तर बंद भावांच्या यादीत त्याचा मागमूस राहत नाही. आपल्या उदाहरणात फक्त बंद भाव पाहिले तर शिवण्याची शक्यता ३८.५ वरून सुमारे ३२% वर येते. ब्रॉडी, ग्लासरमन आणि कोउ यांनी १९९७ मध्ये यावर एक सुटसुटीत दुरुस्ती दिली: स्ट्राइक एका दिवसाच्या पायरीच्या ०.५८ पट लांब सरकवा आणि मग नेहमीचं सूत्र लावा. वर्षात बाजाराचे २५२ दिवस धरले तर इथे एका दिवसाची पायरी सव्वातेरा अंकांची, म्हणजे स्ट्राइक पावणेआठ अंकांनी सरकून १०५७.७ होतो. तपासणी करायची तर बंद भावाऐवजी दिवसाचा उच्चांक आणि नीचांक घ्या. उलट, तुम्ही दिवसातून एकदाच बाजार बंद होताना निर्णय घेत असाल, तर ३२ हाच तुमचा आकडा.

लांब मुदत आणि मोठी आयव्ही. भाव १०००, स्ट्राइक १३००, आयव्ही ४०% आणि मुदत दोन वर्षं घ्या. पलीकडे बंद होण्याची शक्यता २२.८%, शिवण्याची ५५.७%. गुणोत्तर २.४५. आणि डेल्टा? ४२.८%. ‘डेल्टाची दुप्पट म्हणजे शिवण्याची शक्यता’ हा चालू नियम लावला तर ८५.६% येतं, खऱ्या ५५.७ पेक्षा तीस अंकांनी फुगलेलं. पायरी ३ मध्ये म्हटलेलं पारड्याचं झुकणं आता डोळ्यांत भरण्याइतकं मोठं झालेलं असतं. महिना-दोन महिन्यांच्या पलीकडे दुपटीवर विसंबू नका, कोड चालवा.

उडी मारणारा भाव. दुपटीची सगळी मदार एका गोष्टीवर आहे: शिवण्याच्या क्षणी भाव नेमका स्ट्राइकवर उभा असतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाव १०३० वरून थेट १०८० ला उघडला, तर तो स्ट्राइकवर उभाच राहिला नाही. तिथून परत खाली बंद होण्याची शक्यता निम्म्याहून बरीच कमी, म्हणून गुणोत्तर दोनच्या खाली येतं. अशा वेळी ‘शिवलं तरी निम्म्या वेळा परत येतं’ म्हणून धरून बसणं महागात पडतं. मुदतीत निकाल किंवा तशी मोठी घोषणा येत असेल तर हा नियम बाजूला ठेवा.

आयव्ही एकच धरणं. स्ट्राइक बदलला की आयव्हीही बदलते. खालच्या पुटांची बहुधा जास्त असते. ९५० चा हिशेब करताना १०५० ची आयव्ही वापरू नका. एवढं केलं तरी उत्तर अंदाजच असतो, कारण तीस दिवस आयव्ही एका जागी थांबत नाही.

## ७. सौदा चालू असताना पुन्हा मोजा

पहिल्या दिवशी काढलेले ३८.५% दहाव्या दिवशी शिळे झालेले असतात. समजा दहा दिवसांत भाव हललाच नाही, अजून १००० वरच आहे आणि २० दिवस उरलेत. कोडमध्ये `days` २० करा: पलीकडे बंद होण्याची शक्यता साधारण १४.३%, शिवण्याची साधारण २९%. दोन्ही घटल्या, गुणोत्तर मात्र दोनच्या आसपासच राहिलं.

आणि भाव खरोखरच १०५० ला शिवला, तर त्या क्षणानंतर शिवण्याच्या शक्यतेला अर्थ उरत नाही. तिथून पुढे प्रश्न एकच: उरलेल्या मुदतीत इथून पलीकडे बंद होईल का? उत्तर जवळपास निम्मं. त्या घटकेला ‘मुळात तर ८१% होते’ असं मनाशी म्हणत धरून राहायचा मोह होतो. ते ८१ भाव १००० वर असतानाचे होते. आता भाव १०५० वर आहे, म्हणून कोडमध्ये `S` बदला आणि जो आकडा येईल तो वहीत जुन्या आकड्याच्या शेजारी, तारीख घालून लिहा.